महादेवराव गुरुजींची तापमानकक्षा

महादेवराव सपकाळ गुरुजींनी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्या तेहतीस वर्षांत त्यांची एकही चूक निघाली नाही. कशी निघणार? चूक काढणाराच बाकावर उभा राहायचा. बुलढाण्याकडच्या धाड गावाजवळच्या त्या खेड्यात आज चाळिशीत असलेली निम्मी माणसं गुरुजींच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली. त्यामुळे गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते चावडीवर आले की बसलेले लोक उठून उभे राहत, आणि गुरुजी "बसा, बसा" म्हणत मान हलवत. या "बसा, बसा"साठीच गुरुजी रोज चावडीवर जात, असं त्यांच्या सुनेचं मत होतं. अर्थात हे मत तिनं मनातच ठेवलं होतं.

सुनेचं नाव जयमाला. तीही गुरुजींचीच विद्यार्थिनी. नवरा शिवम चिखलीला बियाण्यांच्या दुकानात कामाला, आठवड्यातून एकदा एसटीनं घरी यायचा. जयमालानं एक एकरात तुती लावली, शेतात पत्र्याचं शेड उभं केलं आणि रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. पहिल्या दोन बॅच बऱ्या निघाल्या. आता तिसरी, थंडीतली. ही नीट निघाली तर शेड वाढवायचं आणि शिवमला गावी बोलवायचं, असं नवरा-बायकोनं ठरवलेलं. अळी मोठी नाजूक जात. पाला खाते, झोपते, कात टाकते, उठून पुन्हा खाते. रात्री पारा विसाच्या खाली गेला की ती मरगळते, खायचं सोडते, कातीतच अडकून बसते. म्हणून रेशीम खात्याच्या साहेबांनी जयमालाला बजावलं होतं, की रोजचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लिहून ठेवा, आणि रात्री चोवीसच्या आसपास राहू द्या.

तिनं चिखलीहून तापमापक आणला. इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी, आत पारा, दोन्ही बाजूंना पाऱ्यावर एकेक बारीक काडी. पारा काडीला वर ढकलतो आणि खाली उतरताना तिला तिथंच सोडून जातो. डावीकडची काडी रात्रीचं किमान दाखवते, उजवीकडची दुपारचं कमाल. सकाळी काड्यांच्या खालच्या टोकाचा आकडा वाचायचा आणि लोहचुंबकानं दोन्ही काड्या ओढून परत पाऱ्याला टेकवायच्या. झालं काम.

पण घरात भूगोलाचा माणूस असताना आकडा सुनेनं वाचायचा म्हणजे काय?

"वही माझ्याकडं दे," गुरुजी म्हणाले. "तुझं काम नाही ते. तापमानकक्षा म्हणजे काय, सांग बरं?"

"कमालातून किमान वजा," जयमाला म्हणाली.

"बरोबर. पण पाच गुणांच्या प्रश्नात तू कमाल आणि किमानची बेरीज केली होतीस."

अठरा वर्षं झाली त्याला. पण गुरुजींना भाजीत मीठ पडलं की नाही ते आठवत नसलं, तरी कोणाला किती गुण दिले ते आठवायचं.

आता अडचण अशी, की शेडमध्ये जायचं तर गुरुजींचे गुडघे दुखत. शिवाय अळ्यांना रोग लागू नये म्हणून दारात चुन्यात पाय बुडवायचे, चपला बदलायच्या, आणि आत तो ओल्या पाल्याचा वास. मग गुरुजींनी तोडगा काढला. सुनेनं सकाळी आठला तापमापकाचे फोटो काढायचे, एक डाव्या काडीचा, एक उजव्या काडीचा, आणि त्यांच्या मोबाइलवर पाठवायचे. ते ओसरीवर खुर्चीत बसून, फोटो बोटांनी ताणून, आकडा वाचणार.

पहिला फोटो लांबून आला तर गुरुजी चिडले. "अख्खी भिंत कशाला पाठवली? जवळून काढ. काडी आणि शेजारचा एक आकडा दिसला पाहिजे, बस्स."

तिनं तसं केलं. डाव्या फोटोत काडी आणि तिच्या खाली वीसचा आकडा, एवढंच दिसायला लागलं. काडीचं टोक विसाच्या वर दोन रेघा. एक रेघ म्हणजे एक अंश. गुरुजींनी वहीत लिहिलं: किमान बावीस. उजव्या फोटोत काडी बरोबर तीसवर. कमाल तीस. कक्षा आठ. खाली सही.

आणि इथंच गुरुजींनी माती खाल्ली. या तापमापकाची डावी पट्टी उलटी असते. थंडी पडली की डाव्या बाजूला पारा वर चढतो, म्हणून तिथं आकडे वर जाताना कमी होत जातात. विसाच्या वर दहा, दहाच्या वर शून्य. विसाच्या वर दोन रेघा म्हणजे अठरा. उजवीकडचं मात्र सरळ, नेहमीसारखं. जन्मभर वर्गाच्या भिंतीवरचा सरळ तापमापक पाहिलेल्या गुरुजींना वर म्हणजे जास्त, हे श्वासासारखं ठाऊक होतं.

जयमाला रोज नळीसमोर उभी राहायची, तिला डोळे होते. तिसऱ्या दिवशी ती जरा बिचकतच म्हणाली, "मामाजी, त्या डाव्या बाजूले वीसच्या वर दहा लिहेल हाय. उलटं तर नाई ते?"

गुरुजींनी चष्मा काढला. चष्मा काढला की पूर्वी पुढचा बाक रिकामा व्हायचा.

"फोटोत दहा आहे का?"

"फोटोत नाई. पण तिथं हाय ना, नळीवर."

"जे निरीक्षणात नाही, ते नोंदीत येत नाही. हे शास्त्र आहे, जयमाला. तुला भूगोलात किती होते?"

"अकरा," जयमाला म्हणाली आणि चहाची कपबशी उचलून आत गेली. आत भांडी जरा जोरात आपटली, पण ती ऐकू न येण्याचं वय गुरुजींना सोयीस्करपणे आलेलं होतं.

त्या आठवड्यात थंडीनं कहर केला. रोज रात्री पारा डाव्या नळीत एखादी रेघ वर, म्हणजे थंडी एखादा अंश जास्त. सोमवारच्या अठरानंतर सतरा, सतरा, सोळा, पंधरा, पंधरा, रविवारी चौदा. आणि गुरुजींच्या वहीत? तेवीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस! पोरं शाळेत गोधडी पांघरून बसली, म्हातारे शेकोटीपासून हलेनात, आणि गुरुजी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून, दात वाजवत लिहीत होते की रात्री उबदार होत चालल्या आहेत. स्वतःचे दात वाजतात त्याचं काय, असं कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, वय झालं.

जयमालाला शेडमध्ये हुडहुडी भरायची. अळ्या पाला अर्धा सोडू लागल्या. तिनं साहेबांना फोन केला. साहेबांनी विचारलं, "ताई, रात्रीचं किती असतं?" तिनं वहीतला आकडा सांगितला. न सांगून करते काय, सासऱ्यांची सही होती त्याखाली. "मग छान आहे की! शेगडी लावू नका हं, जास्त तापलं तरी अळी मरते." तिनं शिवमला फोन केला. शिवम म्हणाला, "बाबांचा हिशोब कधी चुकते का? तू उगा टेन्शन घेऊन राह्यली." टेन्शन घ्यायला तिथं दुसरं कोण होतं?

रविवारी गुरुजींनी आठवड्याची सरासरी काढली. गणित मात्र चोख, उगाच नाव ठेवायचं नाही. सात दिवसांच्या कमालांची बेरीज दोनशे दहा, भागिले सात, तीस. किमानांची बेरीज एकशे अडुसष्ट, भागिले सात, चोवीस. कक्षांची बेरीज बेचाळीस, भागिले सात, सहा. ताळाही केला, तीसमधून चोवीस गेले की सहाच राहतात. तळात लाल पेनानं दुहेरी रेघ.

आणि त्या सहावर गुरुजी थबकले. सरासरी दैनिक तापमानकक्षा फक्त सहा अंश! बुलढाणा जिल्ह्यात! तेहतीस वर्षं त्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, की समुद्राजवळ कक्षा कमी, तिथलं हवामान सम, आणि समुद्रापासून दूर कक्षा जास्त, तिथलं हवामान विषम. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, माझं काहीतरी चुकतंय. गुरुजी म्हणाले, निसर्गाचं काहीतरी बदललंय. त्यांनी लगेच गावाच्या ग्रुपवर टाकलं: "सरासरी दैनिक तापमानकक्षा ६ अंश. आपल्या गावाचे हवामान समुद्रकाठच्याप्रमाणे सम होत असून याचा अभ्यास व्हावा. रात्री किमान तापमानात सातत्याने वाढ. नागरिकांनी अनावश्यक शेकोट्या टाळाव्यात." खाली बावन्न जणांनी हात जोडले. त्यातल्या पन्नासांनी ते शेकोटीजवळ बसून जोडले होते.

सोमवारी सकाळीच मोतीराम दारात. गावची सरपंच बनाबाई, आणि सरपंचकी करणारा तिचा नवरा हा मोतीराम. बनाबाईची सही सोडली तर सगळं तोच करायचा, आणि सहीच्या वेळी कागदही तोच धरायचा.

"गुरुजी, काय मेसेज टाकला बाप्पा!" मोतीरामनं पायाला हात लावला. "समुद्र म्हणता तुमी. मंग हे आपल्या पाझर तलावामुळंच झालं असन ना?"

मोतीरामनं गेल्या वर्षी पाझर तलावातला गाळ काढला होता. तलावात आत्ता म्हशी बसल्या तर त्यांच्या पाठी कोरड्या राहत होत्या. पण गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "जलसाठ्याचा परिणाम नाकारता येत नाही," असं ते शुद्ध भाषेत म्हणाले.

"बस! गुरुवारी तालुक्याहून साहेब येऊन राह्यले तलाव पाहाले. तुमचा सत्कार ठेवतो. बॅनर आजच छापाले देतो."

गुरुजींनी मफलर सारखा केला. सहा वर्षांत त्यांना कोणी शाल दिली नव्हती.

इकडे शेडमध्ये मंगळवारपर्यंत अर्ध्या अळ्या कातीतून उठेचनात. उठलेल्या भुकेल्या, झोपलेल्या गारठलेल्या, एक अंगठ्याएवढी तर एक काडीएवढी. जयमालानं मग कोणाला विचारलं नाही. संध्याकाळी कोळसा बाहेर चांगला लाल होऊ दिला, धूर गेल्यावर दोन शेगड्या आत ठेवल्या, वरच्या फटी उघड्या ठेवल्या आणि बाजूंना पोत्यांचे पडदे सोडले. सकाळी शेड उबदार होतं. काही अळ्या डोकं वर करून पाल्यावर सरकत होत्या. तिनं आनंदानं फोटो काढून पाठवला. आज काडी विसाच्या खाली दोन रेघा उतरली होती, म्हणजे बावीस.

ती घरी आली तर गुरुजी ओसरीवर उभे, हातात मोबाइल.

"काल शेगडी पेटवली?"

"हाव, मामाजी. लई बरं वाटून राह्यलं त्यांले."

"बरं? काल किमान सव्वीस होतं, आज अठरा! आठ अंश उतरलं! शेगडी लावून खोली थंड केलीस तू!"

जयमाला नुसती बघत राहिली. "मामाजी, शेगडीनं खोली थंडी काऊन होईन?"

घ्या! इथं तरी माणसानं थांबायचं की नाही? गुरुजी थांबले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावलं. तापलेली हवा हलकी होते, ती वरच्या फटींतून बाहेर जाते, तिची जागा घ्यायला बाहेरची गार हवा आत येते. हे अभिसरण. खारे वारे, मतलई वारे, सगळं सांगितलं. "आणि उद्या सत्कार आहे माझा. या तुझ्या अठरानं आठवड्याची सरासरी बिघडणार. आजच्या आज शेगड्या बाहेर काढ."

शेगड्या बाहेर काढायच्या म्हटल्यावर जयमालाच्या डोक्यात तिडीक गेली. सासरे म्हणून, गुरुजी म्हणून जे काय तोंडावर झाकण होतं ते उडालं. पण ती भांडली नाही. तडक शेडमध्ये गेली, भिंतीवरचा तापमापक खिळ्यासकट उपटला, घरी आणला आणि गुरुजींच्या देखत फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याला टेकवून उभा केला.

"हे काय करतेस?"

"निरीक्षण," जयमाला म्हणाली. "बसा, बसा."

वीस मिनिटं दोघंही स्वयंपाकघरात बसून होते. मग तिनं फ्रिज उघडला आणि नळी गुरुजींच्या हातात दिली. अख्खा तापमापक गुरुजी पहिल्यांदाच हातात घेत होते. डाव्या नळीत पारा वर चढला होता. वीस ओलांडून, दहा ओलांडून, शून्याच्या पाच रेघा अलीकडं.

"तुमच्या हिशोबानं वाचा आता," ती म्हणाली. "वीसच्या वर पंधरा रेघा. पस्तीस झाले ना? आपल्या फ्रिजात दूध उतू जाऊन राह्यलं असन."

गुरुजींनी नळी डोळ्याजवळ नेली. वर शून्य, खाली दहा, त्याच्या खाली वीस. उजवीकडं पाहिलं, तिथं वर चाळीस, खाली तीस. पुन्हा डावीकडं पाहिलं. मग त्यांनी ओसरीवरून वही आणली आणि लाल पेनानं एकेक किमान खोडायला लागले. बावीसचे अठरा, तेवीसचे सतरा, सव्वीसचे चौदा. सात किमानांची बेरीज एकशे बारा, भागिले सात, सोळा. कक्षा बारा, तेरा, बारा, चौदा, पंधरा, सोळा, सोळा. बेरीज अठ्ठ्याण्णव, भागिले सात, चौदा. कोपऱ्यात त्यांनी "विषम" लिहिलं, अगदी बारीक अक्षरात. त्यांचे कान लाल झाले होते आणि या वेळी त्याला थंडी कारण नव्हती.

जयमाला वहीत बघायला थांबलीच नाही. तापमापक उचलून ती शेडकडं पळाली.

गुरुवारी पाझर तलावाच्या काठी मांडव पडला. मागे बॅनर: "सम हवामानाचे गाव". त्यावर मोतीरामचा फोटो मोठा, बनाबाईचा मध्यम, गुरुजींचा स्टॅम्पएवढा आणि मागे कुठल्यातरी समुद्राचा, लाटांसकट. गुरुजींनी रात्रभर ठरवलं होतं, खरं सांगायचं. तसे ते प्रामाणिक माणूस, एवढं मान्य केलंच पाहिजे. फक्त प्रामाणिकपणा वापरायची वेळ त्यांच्यावर तेहतीस वर्षांत आली नव्हती. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, आणि गुरुजी माइकसमोर उभे राहिले.

"ग्रामस्थहो, माझ्या वाचनात चूक झाली. मी डावी पट्टी उलटी वाचली. आपली सरासरी तापमानकक्षा सहा नाही. ती चौदा आहे."

गुरुजींची चूक! समोर बसलेल्या कित्येकांना हे वाक्य ऐकायला तीस वर्षं उशीर झाला होता. तेवढ्यात मोतीरामनं चपळाईनं माइक घेतला.

"ऐकलं का मंडळी? सहाचे चौदा! दुपटीहून जास्त! एका आठवड्यात दुपटीहून जास्त, हे फक्त आपल्या गावातच होऊ शकते! गुरुजींसाठी जोरात टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या हो! तालुक्याच्या साहेबांनी चौदाचा आकडा डायरीत लिहून घेतला आणि शेजारी "उत्कृष्ट" लिहिलं. गुरुजी "नाही, तसं नाही, कक्षा वाढणं म्हणजे" एवढंच म्हणू शकले, कारण पुढं चहा वाटायला सुरुवात झाली होती. आणि खोटं कशाला बोला, त्या टाळ्यांनी त्यांना बरंही वाटलं. मांडवातून घरी जाताना त्यांची चाल पुन्हा नेहमीची झाली होती. शाल त्यांनी काढली नाही.

घरी कोणी नव्हतं. गुडघे धरत धरत ते शेडपाशी गेले. जयमाला दारात बसली होती. समोर दोन टोपल्या, आणि ती बांबूच्या तट्ट्यांवरून वेचलेल्या अळ्या टोपलीत टाकत होती. काळ्या पडलेल्या, मऊ झालेल्या, कातीत अर्ध्या अडकलेल्या. निम्मी बॅच त्या टोपल्यांत गेली होती.

"जयमाला," गुरुजी म्हणाले, "मी सांगितलं सगळ्यांना. भर सभेत. माझी चूक झाली म्हणून."

"मंग काय म्हटलं लोकायनं?"

"टाळ्या वाजवल्या."

तिनं हातातली अळी टोपलीत टाकली, दुसरी उचलली. मग मान वर करून तिनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज अगदी साधा होता.

"चूक पट्टी वाचाले झाली नाई, मामाजी. ते कोनाचीबी होते. मी आठ दिवस रोज सकाळी इथून कुडकुडत घरी येऊन राह्यली होती, तुमच्या समोर उभी राहून राह्यली होती. तुमी एक डाव माह्याकडं पाह्यलं असतं ना, तरी समजलं असतं किती थंडी हाय ते."

जयमालानं एक टोपली उचलली आणि ती रिकामी करायला बांधाकडं निघून गेली.